पार्श्वभूमी: बिल-तपासणीचे हस्तांतर आणि एक निरोपपत्र

लेखा विभागातून सेवानिवृत्त होणाऱ्या कारकुनाने जाताना सहकाऱ्यांना जो निरोप लिहिला, त्यात आभाराच्या दोन ओळींनंतर लगेच दुबार बिलांचा विषय येतो. तपासणी आधी एका नियमाधारित स्क्रिप्टकडे गेली आणि आता त्या स्क्रिप्टच्या जागी, जुन्या निर्णयांवरून शिकणारा प्रोग्राम येत आहे. पत्रातील सूचना समजण्यासाठी या दोन टप्प्यांमध्ये काय घडले, हे पाहावे लागते.

हाताने तपासण्याच्या काळात बिलांचा गठ्ठा करून त्याची बेरीज स्वतंत्रपणे काढली जाई आणि नोंदवहीतील बेरजेशी ताडून पाहिली जाई. फरकाला 9 ने पूर्ण भाग गेला, तर अंकांची अदलाबदल झाल्याचा संशय आधी घेतला जाई. उदाहरणार्थ 5,400 ऐवजी 4,500 लिहिले गेले की फरक 900 येतो. चुकीचा अंक यंत्राने पकडावा, हा विचारही जुना आहे. क्रमांकाच्या शेवटी पडताळा-अंक जोडण्याच्या एका प्रसिद्ध पद्धतीचे पेटंट 1960 मध्ये मिळाले. मात्र या सगळ्या उपायांचा रोख लिहिण्यातील चुकीवर होता. एकच बिल अचूक लिहून दोनदा आले, तर त्यांपैकी एकाही उपायाने ते सापडत नाही.

म्हणून स्क्रिप्टला पहिले काम दिले गेले ते दुबार बिले शोधण्याचे. पुरवठादाराचा संकेतांक, बिल क्रमांक, तारीख आणि रक्कम या चारही गोष्टी जुळल्या तरच बिल अडवायचे, असा सुरुवातीचा नियम होता. तो फार कडक ठरला. पैसे वेळेत न मिळालेला पुरवठादार बिल पुन्हा छापून पाठवतो, तेव्हा तारीख नवी पडते आणि क्रमांक 1047 ऐवजी 1047/A किंवा 01047 असा येतो. स्क्रिप्टच्या दृष्टीने ते वेगळे बिल असते. कारकून मात्र सोबतच्या माल-आवक नोंदीचा क्रमांक पाहत असे. त्याच आवक नोंदीवर आधी पैसे दिले गेले असतील, तर बिलावर काहीही छापलेले असले तरी ते थांबवले जाई.

यानंतरचा निर्णय आजही वादाचा आहे. आवक नोंद स्क्रिप्टला जोडण्याऐवजी तारखेची अट काढून टाकण्यात आली आणि क्रमांकातील चिन्हे व सुरुवातीची शून्ये गाळण्यात आली:

```
re.sub(r'[^A-Z0-9]', '', no.upper()).lstrip('0')
```

याने 01047 सापडू लागला. 1047/A मात्र 1047A होऊन निसटतच राहिला, आणि दुसरीकडे खरी बिले अडू लागली. बिलबुक आणि अनुक्रमांक मिळून क्रमांक लिहिणाऱ्या पुरवठादाराची 1/23 आणि 12/3 ही दोन्ही बिले या ओळीनंतर 123 होतात. देखभालीच्या करारात दरमहा रक्कम ठरलेली असते, त्यामुळे तीही जुळते आणि दुसरे बिल दुबार ठरते. निर्णयाच्या बाजूने असे सांगितले गेले की चुकून अडलेले बिल सोडता येते, गेलेला पैसा परत आणणे अवघड असते. हे म्हणणे खोटे नाही, पण अडलेली बिले कोणी सोडवायची याचे उत्तर त्यात नव्हते, आणि ते काम न सांगताच त्याच कारकुनाकडे आले. कामाच्या दृष्टीने आवक नोंद जोडणे हाच बरोबर मार्ग होता. त्या नोंदी वेगळ्या प्रणालीत असल्याने तो खर्चिक मानला गेला.

इथेच नव्या प्रोग्रामची अडचण सुरू होते. तो शिकतो ते नोंदलेल्या निर्णयांवरून, आणि अडवलेले बिल सोडताना प्रणालीत फक्त ‘मंजूर’ एवढीच नोंद राहत आली. सोडण्याआधी पुरवठादाराला फोन झाला होता का, आवक नोंद पाहिली होती का, की बिलबुक वेगळे असल्याचे कागदावरच दिसत होते, याचा मागमूस त्या नोंदीत नाही. उलट, फोनवरच मागे घ्यायला लावलेली दुबार बिले प्रणालीत कधी आलीच नाहीत. परिणामी प्रोग्रामला दुबार बिलांची उदाहरणे प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतात, आणि 1/23 व 12/3 सारख्या जोड्या वारंवार मंजूर झालेल्या दिसल्याने समान रकमेच्या बिलांबाबत तो गरजेपेक्षा सैल होऊ शकतो.

निरोपपत्राचा सर्वांत मोठा भाग यामुळेच कारणांच्या यादीने व्यापला आहे. कोणते पुरवठादार बिलबुकानुसार क्रमांक देतात, कोणाचे क्रमांक दरवर्षी पुन्हा 1 पासून सुरू होतात, आणि कोणाचे सुधारित बिल जुन्याच क्रमांकावर येते, हे तिथे नावांनिशी लिहिले आहे. त्यानंतर दोन मागण्या आहेत: बिल सोडताना कारण लिहिण्याचा रकाना सक्तीचा करावा, आणि आवक नोंदीचा क्रमांक नव्या प्रोग्रामला पहिल्या दिवसापासून मिळावा. पहिली मागणी मान्य झाली आहे. दुसरीवर निर्णय व्हायचा आहे, आणि तोपर्यंत दुबार ठरलेले प्रत्येक बिल कोणीतरी आवक नोंद उघडून पाहावे, असे पत्रात सांगितले आहे.