आहारातलं लोह, एचबी आणि सततचा थकवा

आहारातलं लोह म्हणजे भाकरी, डाळ, भाजी, मटण यातनं पोटात जाणारं आयर्न. मोठ्या माणसाच्या अंगात ते सगळं मिळून ३ ते ४ ग्रॅम असतं, म्हणजे एखाद्या लहान खिळ्याएवढं, आणि त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश रक्ताच्या तांबड्या पेशींमधल्या हिमोग्लोबिनमधे असतं. बेळगाव, खानापूर, निपाणीकडे त्याला सगळे एचबीच म्हणतात. गरोदर बाईचा एचबी तिच्या कर्नाटक सरकारच्या तायी कार्डवर लिहून देतात, पण कार्ड कन्नडातनं असल्यामुळं घरच्यांना आकडा कळतो आणि बाकीचं कळत नाही, मग शेजारपाजारचे सांगतात बीट खा, डाळिंब खा, रक्त वाढतंय. रंग लाल असला तरी या दोन्हीत लोह फारच थोडं असतं.

खानापूरकडची तांबडी माती सगळ्यांनी बघितलीय, तिचा रंग लोखंडाच्या गंजाचा. म्हणजे तिथं लोहानं ऑक्सिजन धरलाय आणि तो आता सुटत नाही. रक्तातलं लोहसुद्धा ऑक्सिजनच धरतं, पण हिमोग्लोबिनच्या एका रेणूत लोहाचे ४ अणू असे घड्यांच्या आत बसवलेले असतात की ते गंजत नाहीत, फुफ्फुसात ऑक्सिजन पकडतात आणि जिथं ऑक्सिजन कमी आहे तिथं, म्हणजे पायाच्या स्नायूत, मेंदूत, सोडून देतात. घ्यायचं आणि सोडायचं, दोन्ही जमतं म्हणून ते उपयोगाचं. नुसत्या पाण्यासारखा रक्तात विरघळून जाणारा ऑक्सिजन १०० मिलीमागं जेमतेम ०.३ मिली, त्यावर माणूस जगूच शकत नाही. १ ग्रॅम हिमोग्लोबिन मात्र साधारण १.३४ मिली ऑक्सिजन उचलतं, त्यामुळं एचबी १२, म्हणजे १०० मिली रक्तात १२ ग्रॅम हिमोग्लोबिन, असेल तर १०० मिली रक्तातनं १६ मिली जातो आणि एचबी ८ असेल तर साडेदहा-अकरा.

आता थकवा कसा येतो ते इथंच दिसतं. माल तिसऱ्या हिश्श्यानं कमी झाला तर गाडीच्या खेपा वाढवाव्या लागतात, म्हणून हृदय जोरात आणि भरभर धडधडतं. बसल्या जागी भागून जातं, पण घागर घेऊन चढ चढला की खेपा आणखी वाढवायला जागाच उरत नाही, धाप लागते, छातीत धडधडतं, पाय जड होतात. शिवाय स्नायूंच्या आत ऑक्सिजन साठवायला आणि पेशीत त्यापासून ताकद तयार करायलाही लोहच लागतं, त्यामुळं काही बायकांचा एचबी १२ च्या वर असतो तरी त्या सकाळी उठल्यापासनं दमलेल्या असतात, कारण साठा संपत आलेला असतो. हे "आळस" म्हणून झटकून टाकतात ते मला फार लागतं.

एक हिशोब करून बघूया. चाळिशीतली बाई, शेतात राबणारी, दोन वेळा जोंधळ्याची भाकरी, हुलग्याची आमटी, कधी राजगिऱ्याची भाजी, आठवड्यातनं एकदा मटण नाहीतर मासे. दिवसाला तिच्या पोटात साधारण १५ मिलीग्रॅम लोह जातंय, आकडा वाईट नाही. पण धान्य-डाळीतलं लोह त्यातल्याच फायटेट नावाच्या घटकाला चिकटून बसलेलं असतं आणि तिला जेवल्या जेवल्या कडक चहा लागतो, चहातलं टॅनिन उरलंसुरलं बांधून टाकतं. समजा त्यातलं ५ टक्केच रक्तात गेलं, म्हणजे पाऊण मिलीग्रॅम. आता खर्च बघा. आतडी, कातडी यातनं रोज १ मिलीग्रॅमच्या आसपास जातंच. तिची पाळी जास्त, महिन्याला ८० मिली रक्त, आणि १ मिली रक्तात साधारण ०.४ मिलीग्रॅम लोह, म्हणजे महिन्याला ३२, रोजचं १ हून थोडं जास्त. जमा पाऊण, खर्च दोन. रोजची तूट सव्वा मिलीग्रॅम. बाईच्या अंगात साठा बहुतेक ३०० मिलीग्रॅमच्या आसपास, तो आठ-नऊ महिन्यांत संपतो, आणि एचबी त्यानंतरच खाली यायला लागतो. म्हणून थकवा हळूहळू येतो, सवय होऊन जाते, आणि ती बाई म्हणते "वयच झालंय आता".

जुन्या पेशी १२० दिवसांनी मोडतात पण त्यातलं लोह शरीर परत वापरतं, म्हणूनच रोज १-२ मिलीग्रॅमवर भागतं. रक्त बाहेर गेलं तर मात्र ते परत मिळत नाही, सगळी गंमत तिथंच बिघडते.

पदार्थ फार बदलायला लागत नाहीत, मांडणी बदलायला लागते. आमटीत लिंबू पिळायचं किंवा जेवणाबरोबर पेरू, आवळा घ्यायचा, क जीवनसत्त्व असलेली वस्तू लोहाला फायटेटपासनं सोडवते. चहा जेवणानंतर तास-दीड तासानं. हुलगे, मटकी भिजवून मोड आणले की फायटेट कमी होतं. लोखंडी कढईत आमसूल, चिंच घालून केलेल्या भाजीत थोडं लोह उतरतं. मटण, कलेजी, मासे यातलं लोह वेगळ्या रूपात असतं आणि चांगलं शोषलं जातं. गरोदरपणात कलेजी जास्त खाऊ नये, त्यात अ जीवनसत्त्व फार असतं.

एकदा एचबी ८-९ वर आला की मात्र जेवणानं भरून निघत नाही, गोळी लागते. दवाखान्यात गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत ६० मिलीग्रॅम लोह असतं. रिकाम्या पोटी जास्त शोषलं जातं, पण मळमळ होत असेल तर थोडं खाऊन घेतलेली बरी, चहा-दुधाबरोबर नको. शौच काळी होते, त्याला घाबरायचं नाही. गोळी चालू झाली की महिन्यात एचबी १ ग्रॅम तरी वाढायला पाहिजे. आमच्या शेजारच्या काकूंचा ८.२ होता, एका महिन्यात ९.५ झाला, चौथ्या महिन्यात १२ च्या वर गेला, आणि त्यांना वाटलं झालं आता, गोळ्या बंद. डॉक्टरनी पुन्हा तीन महिने चालू ठेवायला लावल्या, कारण एचबी भरला तरी मागचा साठा रिकामाच असतो आणि तो फेरिटिन नावाच्या टेस्टमधे दिसतो.

माती, खडू, कच्चे तांदूळ, बर्फ खायची ओढ लागली तर ते लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. मातीत लोह आहे म्हणून खाल्ली तर भरून येईल असं नाही, ते गंजरूप लोह शोषलं जात नाही आणि माती उलट जेवणातलं लोह धरून ठेवते.

महिनाभर रोज गोळी घेऊनही एचबी हलला नाही तर एक तर पोटात, आतड्यात कुठंतरी रक्त जातंय, जंत आहेत, किंवा थॅलेसेमियासारखं दुसरंच कारण आहे, ज्यात लोह कमी नसतंच आणि उगाच गोळ्या देत राहणं चूक. पुरुषाचा एचबी १३ च्या खाली आला किंवा पाळी बंद झालेल्या बाईचा १२ च्या खाली आला, तर गोळीबरोबर आधी रक्त कुठनं जातंय हे शोधायला लागतं, कारण त्यांना महिन्याला रक्त जायचं काही कारण नसतं.