खरवड तपासणीला येताना मलमाची ट्यूब सोबत आणा

आमच्या प्रयोगशाळेत त्वचेची खरवड द्यायला आलेल्या माणसाला आम्ही नावानंतर लगेच एकच गोष्ट विचारतो : आत्तापर्यंत काय काय लावलंत? बरेच जण म्हणतात, "काही नाही, साधं खाजेचं मलम." या साध्या मलमामुळे तपासणी आणि निदान दोन्ही कसं चुकू शकतं, ते या पत्रकात सांगितलं आहे.

गजकर्ण किंवा नायटा आपण ओळखतो तो त्याच्या कडेवरून. गोल चट्टा, लाल उठलेली कड, तिच्यावर बारीक पापुद्रे आणि मध्ये त्यामानाने साफ झालेली त्वचा. पण ही कड म्हणजे बुरशी नव्हे. बुरशी त्वचेच्या सर्वांत वरच्या, मृत पेशींच्या थरात राहते आणि तिथलं केराटिन नावाचं प्रथिन खाऊन बाहेरच्या दिशेने पसरते. ती जिथे नव्याने पोचते तिथे शरीर तिला विरोध करतं. लाली, सूज, खाज, सुटणारे पापुद्रे ही सगळी त्या विरोधाची खूण. म्हणजे चट्ट्याचं जे रूप आपल्याला दिसतं, त्यातलं बरंचसं आपल्याच शरीराने उभं केलेलं असतं.

खाजेच्या 'साध्या' मलमात अनेकदा स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइड मलम नेमका हा विरोध थांबवतं. बुरशीला ते काहीच करत नाही. खाज थांबते, लाली उतरते, कड सपाट होते, आणि अडवणारं कोणी उरलं नाही म्हणून बुरशी निवांत वाढते. अशा वेश पालटलेल्या गजकर्णाला वैद्यकात 'टिनिया इन्कॉग्निटो' म्हणतात, म्हणजे ओळख लपवून वावरणारं गजकर्ण. हे नाव 1968 साली रूढ झालं. नाव थोडं नाटकी आहे खरं, पण चपखल आहे.

एक उदाहरण घेऊ. तिशीतल्या एका गृहस्थांच्या जांघेत नाण्याएवढा चट्टा उठला. घरात भावाच्या एक्झिमासाठी आणलेली क्लोबेटासॉलची ट्यूब होती, तीच त्यांनी लावली. क्लोबेटासॉल हे सर्वांत तीव्र स्टेरॉइड मलमांपैकी एक. दुसऱ्याच रात्री खाज थांबून शांत झोप लागली, पाचव्या दिवशी चट्टा फिकट गुलाबी झाला, आणि त्यांनी मलम बंद केलं. आठवडा व्हायच्या आत खाज परत आली, या वेळी जास्त, आणि चट्टाही आधीपेक्षा मोठा. पुन्हा मलम, पुन्हा आराम, पुन्हा उसळी. सात आठवड्यांत तीन ट्यूब संपल्या.

मलम लावलं की बरं आणि सोडलं की दुप्पट, ही या प्रकारातली सर्वांत बोलकी खूण. गंमत अशी की रुग्णाला तीच मलमाच्या गुणाची खात्री वाटते : "हेच लागू पडतं हो, बंद केलं की वाढतं."

ते त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले तेव्हा चट्टा तळहाताहून मोठा होऊन मांडीवर उतरला होता. कड जवळजवळ नाहीशी झाली होती. तपकिरी-लाल पसरट डाग, त्यात विखुरलेल्या बारीक पुटकुळ्या, दोन-चार पू धरलेल्या. एका बाजूला वर्तुळाच्या आत दुसऱ्या वर्तुळाची अर्धी कमान होती. मलम बंद पडलं की विरोध जागा होतो आणि नवी कड उठते, मलम सुरू झालं की ती विझते. या चालू-बंद खेळातून अशी वर्तुळं तयार होतात. पापुद्रे नव्हतेच. जांघेतली त्वचा पातळ, चकचकीत झाली होती. हा बुरशीचा नव्हे, मलमाचा परिणाम. पाहणाऱ्याला हा एक्झिमा वाटेल किंवा केसांच्या मुळांची सूज वाटेल. चेहऱ्यावर असता तर रोझेशिया किंवा ल्युपस या चेहरा लाल करणाऱ्या आजारांचीही शंका आली असती.

डॉक्टरांनी त्यांच्या पायांची नखं पाहिली. अंगठ्याचं नख जाड आणि पिवळं होतं. नखात किंवा पायाच्या बोटांच्या बेचक्यात बुरशी ठाण मांडून असेल तर जांघेत ती बहुधा तिथूनच येते, आणि हा पुरावा जांघेत लावलेलं मलम लपवू शकत नाही.

डॉक्टरांच्या सल्ल्याने मलम बंद करून सहा दिवसांनी ते आमच्याकडे आले. खाज वाढली होती आणि ते वैतागले होते, पण कडेला थोडे पापुद्रे परतले होते आणि आम्हाला तेच हवे होते. बोथट पात्याने आम्ही कडेवरचा थर खरवडतो; टोचत नाही, रक्त येत नाही. काचपट्टीवर त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं 10 ते 20 टक्के द्रावण टाकतो. थोड्या वेळाने त्वचेच्या पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि बुरशीचे फांद्या फुटलेले लांब धागे सूक्ष्मदर्शकाखाली उरतात. या गृहस्थांच्या नमुन्यात ते गर्दीने होते. स्टेरॉइडखाली वाढलेल्या बुरशीत हे अनेकदा दिसतं : बाहेरून खुणा कमी, आत धागे भरपूर.

तरीही या तपासणीला मर्यादा आहेत. पापुद्रेच नसतील तर नमुना अपुरा पडतो. बुरशीविरोधी मलम कालपर्यंत लावलं असेल तर धागे सापडतीलच असं नाही. बुरशी केसांच्या मुळात खोल उतरली असेल तर वरून कितीही खरवडा, हाती काही लागत नाही. तेव्हा पुटकुळीतला केस उपटून पाहावा लागतो किंवा डॉक्टर त्वचेचा छोटा तुकडा काढून पाठवतात. म्हणून आमच्या अहवालात "बुरशी आढळली नाही" असं असलं तरी बुरशी नाहीच, असा अर्थ कृपया काढू नका. शंका असेल तर कल्चर लावतो, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहतो. त्याला दोन ते चार आठवडे लागतात, कारण या बुरशी मुळात सावकाश वाढतात.

केसांच्या मुळापर्यंत गेलेल्या बुरशीला सहसा मलम पुरत नाही, पोटातून गोळ्या घ्याव्या लागतात. त्या किती दिवस घ्यायच्या हे डॉक्टर ठरवतात. या गृहस्थांना गोळ्यांबरोबर नखाचाही उपचार घ्यावा लागला.

स्टेरॉइड वाईट असं आम्ही म्हणत नाही. एक्झिमात ते योग्य औषध आहे. प्रश्न निदानाआधी लावण्याचा आहे. आणि "यात बुरशीचंही औषध आहे" म्हणून मिश्र मलम सुरक्षित मानू नका. एकाच ट्यूबमध्ये बुरशीविरोधी औषध, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असेल तर लवकर आराम देणारा भाग बहुधा स्टेरॉइडचाच असतो. वेष्टनावरच्या बारीक अक्षरांत क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, मोमेटासोन, बेक्लोमेथासोन, फ्लुओसिनोलोन किंवा हायड्रोकॉर्टिसोन यांपैकी नाव दिसलं तर त्यात स्टेरॉइड आहे.

तपासणीआधी कोणतं मलम किती दिवस बंद ठेवायचं ते पाठवणाऱ्या डॉक्टरांना विचारा. बरेच महिने, विशेषतः चेहऱ्यावर लावत असाल तर स्वतःहून एकदम बंद करू नका. तपासणीच्या दिवशी चट्ट्यावर तेल, पावडर, क्रीम काहीही नको. आणि अर्धी, रिकामी, पिळून चपटी झालेली असली तरी ट्यूब आणा. फेकली असेल तर वेष्टन आणा, तेही नसेल तर कधी लावली, कधी सोडली आणि सोडल्यावर कितव्या दिवशी खाज परतली, एवढं कागदावर लिहून आणा.