नव्या भागविक्रीचा खर्च कुठे धरायचा, आणि राखीव नफा आधी वापरायचा का?

(प्रकल्पासाठी भांडवल उभारण्याच्या विचारात असलेल्या ग्राहक कंपन्यांसाठी)

नवे शेअर विकून पैसा उभा केला की सगळा पैसा कंपनीच्या हाती येत नाही. मर्चंट बँकरची फी, अंडररायटरचे कमिशन, वकील, लेखापरीक्षक, छपाई, नोंदणी शुल्क असे बरेच काही आधीच वजा होते. शंभर रुपयांचे भांडवल विकून पंचाण्णव हाती आले, तर इश्यूचा खर्च ५ टक्के. हा खर्च हिशेबात धरायचा यावर कोणाचाच वाद नाही. कुठे धरायचा, यावर मात्र बऱ्याच प्रस्तावांची गाडी घसरते, आणि त्यामुळे चुकीचा प्रकल्प मंजूर होऊ शकतो.

एक उदाहरण घेऊ. कंपनीवर कर्ज नाही. शेअरचा भाव २०० रुपये, पुढच्या वर्षीचा अपेक्षित लाभांश १० रुपये आणि तो दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढेल असा अंदाज. भागधारकांना हवा असलेला परतावा म्हणजे १० भागिले २०० (५ टक्के) अधिक ७, एकूण १२ टक्के. राखून ठेवलेल्या नफ्याचा खर्चही हाच. तो पैसा फुकट नसतो, कारण लाभांश म्हणून मिळाला असता तर भागधारकांनी तो तेवढ्याच जोखमीच्या दुसऱ्या ठिकाणी गुंतवला असता. फक्त त्यावर इश्यूचा खर्च पडत नाही.

नव्या शेअरसाठी रूढ पद्धत अशी: भावातून ५ टक्के वजा करा, म्हणजे १९० उरतात. १० भागिले १९० म्हणजे ५.२६ टक्के, त्यात ७ मिळवा. नव्या भागभांडवलाचा खर्च १२.२६ टक्के. पाव टक्क्याचा फरक, म्हणून बहुतेक जण तो बघून पुढे जातात.

आता प्रकल्प पाहा. गुंतवणूक १० कोटी, आणि पाच वर्षे दर वर्षाअखेर २.८५ कोटी रोख परत. १२ टक्क्यांनी सूट दिली तर या पाच हप्त्यांचे आजचे मूल्य १०.२७ कोटी होते. म्हणजे इश्यूचा खर्च धरण्याआधी २७.४ लाखांचे निव्वळ वर्तमान मूल्य. १२.२६ टक्के लावले तरी सुमारे २१ लाख शिल्लक राहतात. प्रकल्प मंजूर?

थांबा. हाती १० कोटी यायला हवेत, तर विकावे लागतील १० भागिले ०.९५, म्हणजे १०.५३ कोटींचे शेअर. इश्यूचा प्रत्यक्ष खर्च ५२.६ लाख, आणि तो पहिल्याच दिवशी जातो. २७.४ मधून ५२.६ वजा केले की सुमारे २५ लाखांचा तोटा उरतो. एकच प्रकल्प, एकच खर्च, आणि दोन पद्धतींची उत्तरे उलट.

याचे कारण रूढ सूत्राच्या पोटात आहे. १० भागिले १९० करताना आपण इश्यूचा एकरकमी खर्च अनंत काळ वाढत जाणाऱ्या लाभांशांवर पसरवतो. प्रकल्पही तसाच, कायमचा आणि दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढत जाणारा असेल, तर मंजूर की नामंजूर याचे उत्तर दोन्ही पद्धती एकच देतात. पण पाच वर्षांत संपणाऱ्या प्रकल्पाकडून पाचच वर्षांत खर्च वसूल व्हायचा असतो, आणि पाव टक्क्यात तो होत नाही. म्हणून आमचा आग्रह असा की दर १२ टक्केच ठेवा आणि इश्यूचा खर्च प्रकल्पाच्या सुरुवातीच्या गुंतवणुकीत मिळवा. दोन्ही मात्र एकदम करू नका. प्रस्तावात वाढवलेला दरही दिसला आणि सुरुवातीच्या खर्चात इश्यूची ओळही दिसली, तर तोच खर्च दोनदा धरला गेला असे समजा.

राखीव नफा आधी?

याच कंपनीकडे यंदा लाभांश दिल्यावर ६ कोटी उरतात असे धरू. मग बाहेरून फक्त ४ कोटी आणायचे. ५ टक्क्यांच्या दराने इश्यूचा खर्च २१ लाखांच्या आसपास, आणि २७.४ लाखांतून तो गेला तरी सुमारे ६ लाख उरतात. नाकारलेला प्रकल्प आता मंजूर होतो. राखीव नफा आधी वापरावा हा नियम इथून येतो, आणि ढोबळमानाने तो बरोबर आहे.

पण ४ कोटींच्या इश्यूला ५ टक्केच खर्च येईल हे कोणी सांगितले? वकील, परवानग्या, माहितीपत्रक यांचा खर्च रकमेबरोबर फारसा घटत नाही. आपल्या उदाहरणातल्या ५२.६ लाखांपैकी सुमारे ३० लाख ठरीव आणि बाकीचे रकमेच्या दोन टक्क्यांहून किंचित जास्त असतील, तर ४ कोटी हाती येण्यासाठी सुमारे ३९.४ लाख मोजावे लागतात. ते विकलेल्या शेअरच्या ९ टक्के झाले. प्रकल्प पुन्हा सुमारे १२ लाखांनी तोट्यात. म्हणून आम्ही मर्चंट बँकरकडून एकच टक्का मागत नाही. ठरीव रक्कम किती आणि रकमेनुसार बदलणारी किती, हे वेगवेगळे लिहून मागतो.

अशा वेळी लहान इश्यू टाळण्याचे मार्ग आधी तपासावेत. पुढच्या वर्षी मोठा इश्यू ठरलेलाच असेल, तर हे ४ कोटी तोवर अल्पमुदतीच्या कर्जावर काढून दोन्ही गरजा एकाच इश्यूत भागवता येतात. ठरीव खर्च एकदाच पडतो. लाभांशाकडेही पाहावे. एका वर्षात ४ कोटी लाभांश वाटायचा आणि ४ कोटींचे शेअर विकायचे म्हणजे एका दाराने पैसा बाहेर काढून दुसऱ्या दाराने आत घेताना स्वतःच टोल भरणे. तरीही वर्षानुवर्षे नियमित लाभांश देणाऱ्या कंपनीने तो अचानक कापला की बाजार त्याचा वाईट अर्थ काढतो, आणि भावातली घसरण वाचवलेल्या खर्चापेक्षा महाग पडू शकते. इथे आम्ही सूत्रावर निर्णय सोडत नाही.

कर्ज असलेल्या कंपनीत राखीव नफा आणखी पुढे पुरतो. भांडवलात भागभांडवल ६० टक्के आणि कर्ज ४० टक्के राखायचे असेल, तर ६ कोटी भागिले ०.६, म्हणजे १० कोटींपर्यंतच्या योजनेला नवे शेअर लागतच नाहीत. उरलेले ४ कोटी कर्जातून येतात. त्यापुढच्या प्रत्येक रुपयात मात्र इश्यूचा खर्च शिरतो. अशा कंपनीत सूट देण्याचा दर १२ टक्के नसून कर्ज आणि भागभांडवल यांचा भारित सरासरी दर असतो, तेव्हा वरचे आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

सर्वांत जास्त गफलत होते ती ताळेबंदातल्या ‘राखीव निधी आणि शिल्लक’ या ओळीवरून. तिथे ४० कोटी दिसले म्हणून ४० कोटी खर्चायला आहेत असे नाही. ते आधीच्या वर्षांचे नफे आहेत आणि केव्हाच यंत्रे, माल आणि येणी यांत गुंतले आहेत. आपल्याला हवा तो यंदाचा नफा, लाभांश वजा करून, आणि तोही रोखीत हाती येणारा.

भेटीला येताना ताळेबंदासोबत चालू वर्षाचे रोख प्रवाह पत्रक, पुढच्या दोन वर्षांची गुंतवणुकीची यादी आणि इश्यूच्या खर्चाचे ठरीव व बदलते असे वेगळे दरपत्रक आणावे. दोन प्रकल्प एकाच राखीव नफ्यावर डोळा ठेवून असतील, तर दोन्हींचे अंदाज आणा; एकाला वेगळे मोजले की तोच नफा दोघांच्याही नावावर लागतो.