नकाशा-डेटम व यूटीएम जाळे

जमिनीवरचा बिंदू जागचा हलत नाही, पण त्याचे अक्षांश-रेखांश कोणत्या डेटमवर काढले त्यावर अवलंबून असतात. पृथ्वीसाठी कल्पिलेला विवृत्ताभ (ध्रुवांकडे किंचित चपटा गोल) आणि तो पृथ्वीशी कसा जुळवला, हे दोन्ही मिळून डेटम होतो.

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने नकाशे ‘एव्हरेस्ट १८३०’ या विवृत्ताभावर आहेत. त्याचा आरंभबिंदू मध्य प्रदेशात सिरोंजजवळ कल्याणपूर येथे आहे. हा विवृत्ताभ भारतीय उपखंडापुरता चपखल बसवल्याने त्याचे केंद्र पृथ्वीच्या केंद्राशी जुळत नाही. जीपीएसचा डब्ल्यूजीएस ८४ मात्र केंद्राशी जुळवलेला आहे. म्हणून जुन्या नकाशावरून वाचलेले नागपूरजवळचे अक्षांश-रेखांश जसेच्या तसे जीपीएसमध्ये भरले, तर बिंदू खऱ्या जागेच्या सुमारे १५० मीटर पूर्वेला व ८० मीटर दक्षिणेला पडतो.

एव्हरेस्ट विवृत्ताभाच्या आकाराबद्दलच एकमत नाही. मूळ अर्धअक्ष २,०९,२२,९३१.८० फूट असा दिला आहे, पण हा फूट नेमका किती मीटरचा, यावर वेगवेगळी मते झाली. एका रूपांतराने ६३,७७,२७६.३४५ मीटर येतात, तर १९५६ च्या भारतीय मूल्यानुसार ६३,७७,३०१.२४३. हा २५ मीटरांचा फरक पृथ्वीच्या मानाने क्षुल्लक वाटतो, तरी नागपूरच्या अक्षांशावर यूटीएम या मीटरांत मोजणाऱ्या जाळ्यातील विषुववृत्तापासूनचे उत्तर-अंतर त्याने सुमारे ९ मीटर बदलते. भारतीय नकाशांसाठी दुसरे मूल्य धरणे अधिक योग्य दिसते. संगणक-प्रणालीत नुसते ‘एव्हरेस्ट’ निवडण्यात धोका आहे तो यामुळेच.

यूटीएममध्ये पृथ्वीचे ६-६ अंशांचे ६० पट्टे (झोन) पडतात. प्रत्येक पट्ट्याच्या मध्य-रेखावृत्ताला पूर्व-अंतर ५,००,००० मीटर मानतात, त्यामुळे ऋण आकडे येत नाहीत. महाराष्ट्र ४३ व ४४ या पट्ट्यांत विभागला जातो. सीमा ७८° रेखांशाची आहे, म्हणून अमरावती ४३ मध्ये, तर वर्धा ४४ मध्ये येते. २१° अक्षांश व ७८° रेखांश हा बिंदू ४३ व्या पट्ट्यात मोजला तर पूर्व-अंतर सुमारे ८,११,९०० मीटर येते, ४४ व्यात सुमारे १,८८,१००. दोन्ही मध्य-रेखावृत्ते त्याच्यापासून सारख्याच अंतरावर असल्याने उत्तर-अंतर मात्र तेच राहते.

यावरून चूकही ओळखता येते. सगळे बिंदू एकाच दिशेला शे-दीडशे मीटर सरकले असतील तर डेटम चुकला आहे, शेकडो किलोमीटर गेले असतील तर पट्टा. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर खुल्या मालिकेतील नकाशे डब्ल्यूजीएस ८४ व यूटीएमवर निघू लागले.

शंकू-साखळीने मोजलेले गावनकाशे बहुधा कोणत्याच डेटमला बांधलेले नसतात. तिथे डेटम बदलण्याचे सूत्र लागू पडत नाही. शिवेवरचे दगड शोधून, त्यांची जागा जीपीएसने घेऊन नकाशा त्यांवर बसवावा लागतो.