शेततळ्याचा कागद नेमका किती मापाचा लागेल?

फोनवर आम्हाला सर्वांत जास्त वेळा सांगितलं जाणारं माप असं असतं: "तीस बाय वीसचं तळं, तीन मीटर खोल. कागद किती लागेल, दर काय?" एवढ्यावर आम्ही दर सांगत नाही, आधी दोन-तीन प्रश्न विचारतो. त्यामागचं कारण या पत्रकात दिलं आहे. हिशोब तुमचा तुम्हालाही करता येईल असा सोपा आहे.

तळ्याच्या बाजू उभ्या नसतात, तिरक्या असतात. म्हणून कागदाला तीन तुकडे व्यापायचे असतात: तळाचा सपाट भाग, दोन्हीकडचे तिरके काठ, आणि वर बांधावरून चरात जाऊन मातीखाली दाबला जाणारा भाग. हिशोब असा:

कागदाची लांबी = तळाची लांबी + २ × तिरकी बाजू + २ × चरातला भाग

रुंदीसाठीही हेच, फक्त तळाची रुंदी घ्यायची.

तिरकी बाजू काढायला खोलीला उताराच्या आकड्याने गुणा. उतार एकास एक असेल तर १.४१, एकास दीड असेल तर १.८०, एकास दोन असेल तर २.२४. एकास दीड म्हणजे एक मीटर खाली जाताना काठ दीड मीटर आत सरकतो. मुरमाड जमिनीत काही जण एकास एक ठेवतात. काळ्या जमिनीत आम्ही एकास दीडपेक्षा उभा काठ ठेवू नका असंच सांगतो, कारण ती माती फुगते, आकसते आणि काठ ढासळतो.

आता तेच तीस बाय वीसचं तळं घेऊ. खोली ३ मीटर, उतार एकास दीड. प्रत्येक बाजूने काठ साडेचार मीटर आत येतो, म्हणजे तळ उरतो २१ बाय ११. तिरकी बाजू ३ × १.८० = ५.४ मीटर. चरासाठी प्रत्येक बाजूला दीड मीटर धरा: अर्धा मीटर बांधाच्या माथ्यावर सपाट, अर्धा मीटर चरात खाली आणि अर्धा मीटर चराच्या तळाशी. लांबी झाली २१ + १०.८ + ३ = ३४.८ मीटर आणि रुंदी २४.८ मीटर.

हिशोब बरोबर आहे, तरी हा कागद बहुतेक तळ्यांना पुरणार नाही. गोची आहे ती बांधाची. खोदलेली माती कडेलाच टाकून, दाबून बांध घालतात. आपण जमिनीपासून तीन मीटर खोदतो, पण पाणी साठतं बांधाच्या आतपर्यंत, आणि कागदही बांधाच्या माथ्यावर चढायला हवा. बांध एक मीटर उंच असेल तर खोली तीन नाही, चार मीटर. तळ तोच, २१ बाय ११. तिरकी बाजू मात्र ४ × १.८० = ७.२ मीटर. लांबी २१ + १४.४ + ३ = ३८.४ आणि रुंदी २८.४.

फरक दर बाजूला १.८ मीटरचा पडला. चरासाठी ठेवलेला दीड मीटर त्यात पूर्ण गेलाच, वर कागदाची कड बांधाच्या माथ्याच्या एक फूट खालीच अडकली. तळ्यावर कागद पसरल्यावर हे कळलं तर दोनच वाटा उरतात: जागेवर जोडपट्टी वेल्डिंग करा, नाहीतर पाण्याची पातळी कमी ठेवा. म्हणून खोली सांगताना ती बांधाच्या माथ्यापासून तळापर्यंतच सांगा.

याच्या उलट चूकही होते. इंटरनेटवर बागेतल्या छोट्या हौदासाठीचं एक सूत्र फिरतं: वरची लांबी, अधिक दुप्पट खोली, अधिक कड. ते उभ्या भिंतीच्या हौदाला चालतं. आपल्या तळ्याला, बांधाच्या माथ्यावर ३३ बाय २३ धरून, ते लावलं तर ४४ बाय ३४ मीटर येतं, म्हणजे १४९६ चौरस मीटर. लागणारा कागद आहे सुमारे ११३१ चौरस मीटर. ३६५ चौरस मीटरचे पैसे फुकट जातात, आणि जास्तीचा कागद सुरकुत्या पडून तळाशी गोळा होतो तो वेगळाच.

११३१ हा आकडा ३९ बाय २९ चा आहे. ३८.४ आणि २८.४ मध्ये आम्ही दीड टक्का ढील धरतो. प्लॅस्टिक उन्हात पसरतं आणि थंडीत आकसतं. दुपारच्या उन्हात ताणून बसवलेला ३९ मीटरचा कागद पहाटे पंधरा-वीस सेंटीमीटर आखूड व्हायला बघतो. ढील नसेल तर तो पायथ्याशी, म्हणजे काठ आणि तळ जिथे मिळतात तिथे, जमिनीपासून उचलला जातो. हे ओळखायला सोपं आहे: तिथे बोटांनी दाबून पाहा. माती लागण्याऐवजी कागद ढोलाच्या कातड्यासारखा आत जात असेल तर खाली पोकळी आहे. पाणी भरलं की सगळा भार त्या पोकळीवर येतो आणि जवळचा जोड आधी सुटतो. म्हणून चर लगेच बुजवू नका. आधी पाणी सोडा, कागद पायथ्याला बसू द्या, मग सकाळच्या गारव्यात चरात माती भरा.

चारही कोपऱ्यांत मात्र कागद जास्तच होतो. तिरके काठ कोपऱ्यात एकमेकांना मिळतात तिथे सरळ कापलेला कागद पाऊण मीटरच्या वर उरतो. ती चूक नाही, चौकोनी कागद वाडग्यासारख्या खड्ड्यात बसवताना ते होणारच. त्याच्या दोन-तीन मोठ्या चुण्या एका दिशेने दुमडा. कापू नका.

कागदावरचा हिशोब खड्डा आखणीप्रमाणे झाला तरच खरा. पोकलेन चालवणाऱ्याने एकास दीड म्हटलं तरी काठ कधी एकास सव्वाचा निघतो, आणि तळाचे कोपरे काटकोनात नसतात. खोदाई आणि बांधाचं काम संपल्यावर, ऑर्डर देण्याआधी, एक दोरी घ्या. चराच्या तळाच्या बाहेरच्या कडेपासून चरातून वर आणा, बांधावरून काठाने खाली, तळावरून पलीकडे आणि तसंच वर. जमिनीला चिकटवून, ताण न देता. लांबीला तीन ठिकाणी आणि रुंदीला तीन ठिकाणी असं मोजा आणि सर्वांत मोठा आकडा घ्या. तळाचे दोन्ही कर्णही मोजा. २१ बाय ११ च्या तळाचा कर्ण २३.७ मीटर हवा. दोन कर्णांत अर्ध्या मीटरपेक्षा जास्त फरक असेल तर तळं तिरकं आहे, आम्हाला कळवा, कागद त्याप्रमाणे वाढवावा लागतो.

दोरीचं माप आणि वरचा हिशोब जुळला नाही तर दोरीवर विश्वास ठेवा.

ऑर्डर देताना आम्हाला तळाची लांबी-रुंदी, बांधाच्या माथ्यापासूनची खोली, माथ्यावरची आतली लांबी-रुंदी आणि दोरीची सहा मापं व्हॉट्सअॅपवर पाठवा, सोबत खड्ड्याचा एखादा फोटो. मीटरऐवजी फुटांत दिलंत तरी चालेल, फक्त फूट की मीटर ते लिहा. आणि वाहन शेतापर्यंत येतं का तेही सांगा. या तळ्याचा ५०० मायक्रॉनचा कागद अर्ध्या टनाच्या पुढे भरतो, तो उतरवून घ्यायला माणसं लागतात.