वाटेतील रोकड लुटीचा विमा दावा

दुकान, पेढी, पेट्रोल पंप किंवा कारखान्याची रोकड कर्मचारी बँकेत भरायला नेत असताना ती वाटेत इतर कोणी लुटली, तर मालकाने विमा कंपनीकडे मागितलेली भरपाई. ही जोखीम ‘मनी इन्शुरन्स’ या पॉलिसीत येते. तिचे सर्वसाधारणपणे दोन भाग असतात : वाटेतील रोकड आणि जागेवरच्या तिजोरीतील रोकड. या नोंदीत फक्त पहिल्या भागाचा विचार केला आहे.

दाव्यात तीन प्रश्न येतात. लूट झाली का, रक्कम नेणारी व्यक्ती अधिकृत होती का, आणि रक्कम नेमकी किती होती? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे बहुधा लवकर मिळतात. मुंबईतील दावे बहुतेक तिसऱ्यावर अडतात, कारण पिशवी गेली की तिच्यातील रकमेचा प्रत्यक्ष पुरावाही तिच्याबरोबर जातो.

‘लूट’ कशाला म्हणावे याबद्दल एकमत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात चोरी कलम ३०३ मध्ये आणि जबरी चोरी कलम ३०९ मध्ये येते. पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेली जबरी चोरी कलम ३१० खाली दरोडा ठरते. कलम ३०४ ने हिसकावून नेणे हा वेगळा गुन्हा केला. पूर्वी पिशवी हिसकावण्याची घटना परिस्थितीनुसार चोरीत किंवा जबरी चोरीत नोंदवली जात असे. आता ती बऱ्याचदा ३०४ खाली नोंदवली जाते, आणि त्यामुळे पॉलिसीत फक्त ‘जबरी चोरी’ हा शब्द असेल तर वाद उभा राहतो. एका मतानुसार पॉलिसीतील शब्द फौजदारी कायद्याच्या अर्थाने घ्यावा. दुसऱ्या मतानुसार पॉलिसी हा करार आहे, म्हणून त्यातील व्याख्याच निर्णायक. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये हरचंद राय चंदन लाल प्रकरणात घरफोडीच्या पॉलिसीबाबत दुसरी दिशा धरली आणि बळजबरीने प्रवेश ही पॉलिसीतील अट तशीच लागू केली. रोकड पॉलिसीलाही तीच वाट अधिक लागू पडते. व्यवहारात ‘जबरी चोरी, चोरी किंवा अन्य आकस्मिक कारण’ अशी रुंद शब्दरचना असलेल्या पॉलिसीत हा वाद फारसा उरत नाही. पॉलिसी घेतानाच हे शब्द पाहून घ्यावेत. लूट झाल्यावर ते बदलता येत नाहीत.

लूट आणि अफरातफर यांतली सीमाही महत्त्वाची आहे. कर्मचारीच रोकड घेऊन पसार झाला, तर तो कलम ३१६ खालील विश्वासघाताचा गुन्हा होतो. बऱ्याच पॉलिसींत असे नुकसान ४८ तासांत उघडकीस आले तरच वाटेतील रोकडीत धरतात. एरवी त्यासाठी ‘फिडेलिटी गॅरंटी’ ही वेगळी पॉलिसी लागते. लुटीचा बनाव असल्याचा संशय आला की विमा कंपनीने नेमलेला सर्वेक्षक याच फटीत तपास करतो. त्यामुळे रोकड नेणाऱ्याचा जबाब, पंचनामा आणि सीसीटीव्ही चित्रण एकमेकांशी जुळणे मालकापेक्षाही त्या नोकराच्या हिताचे असते.

एक उदाहरण घेऊ. शिवडीतील एका पेट्रोल पंपाचे आकडे असे धरू. शुक्रवारचा भरणा झाला. शनिवार महिन्यातील दुसरा असल्याने बँक बंद, रविवारी सुट्टी. शनिवारी सकाळी गल्ल्यात ३१,२०० रुपये होते. यूपीआय, कार्ड आणि उधारी वजा जाता दोन दिवसांची रोख विक्री ६,९२,९०० रुपये झाली. किरकोळ खर्चाला १४,४०० गेले. उरलेल्या ७,०९,७०० पैकी सुट्या पैशांसाठी २५,२०० ठेवून ६,८४,५०० रुपये पिशवीत भरले. भरणा स्लिपवर नोटांचा तपशील होता : पाचशेच्या १,२५०, दोनशेच्या २००, शंभरच्या १९५. सोमवारी सकाळी कॅशियर निघाला आणि वाटेत दोघांनी मोटारसायकल आडवी घालून, चाकू दाखवून पिशवी नेली.

कॅशियर धास्तावलेला असतो. पोलीस ठाण्यात तो ‘साधारण सात लाख’ म्हणतो आणि प्राथमिक माहिती अहवालात सात लाख लिहिले जातात. पंधरा हजार पाचशेचा हा फरक पुढे महिनोन्‌महिने छळतो. हा अहवाल रकमेचा पुरावा नसतो. फिर्यादीने काय सांगितले याची ती नोंद असते. फिर्याद देण्यापूर्वी पंपावर फोन करून आकडा विचारून घ्यावा. चूक झालीच असेल, तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पुरवणी जबाब देऊन ती दुरुस्त करावी. पंधरा दिवसांनी दिलेल्या दुरुस्तीकडे सर्वेक्षक वेगळ्या नजरेने पाहतो.

रक्कम सिद्ध होते ती उलट्या मोजणीने. सर्वेक्षक पंपावरील नोझलच्या मीटरची शनिवारची आणि सोमवारची रीडिंग घेतो. विकलेल्या लिटरना दराने गुणून तो यूपीआय व कार्डची बँकेतली जमा वजा करतो, मग रोजकीर्दीशी मेळ घालतो. मागच्या काही सोमवारांचे भरणेही तो बँकेच्या उताऱ्यातून काढतो. नेहमी सोमवारी सहा-सात लाख भरले जात असतील, तर ६,८४,५०० पटतात. नेहमी दोन लाख भरणाऱ्याने सात लाख सांगितले की प्रश्न सुरू होतात. म्हणून भरणा स्लिपची प्रत पिशवीत न ठेवता कार्यालयात ठेवावी लागते. दोन्ही प्रती पिशवीत गेल्या की नोटांचा तपशील कायमचा हरवतो.

आता मर्यादा. या पॉलिसीत ‘एका फेरीची मर्यादा’ ५ लाख असेल, तर ६,८४,५०० चे नुकसान सिद्ध होऊनही भरपाई ५ लाखांतच थांबते आणि त्यातूनही पॉलिसीत ठरलेली वजावट जाते. मर्यादा रोजच्या सरासरी भरण्यावर ठरवली गेली आणि जोडून आलेल्या सुट्ट्या विसरल्या गेल्या. अशा वेळी दोन फेऱ्या कराव्यात किंवा मर्यादा वाढवून घ्यावी. काही पॉलिसींत ठरावीक रकमेवर दोन कर्मचारी किंवा सशस्त्र पहारेकरी सोबत असण्याची अट असते, आणि गाडीत एकटी सोडलेली पिशवी बहुतेक पॉलिसींच्या बाहेरच राहते.

पोलीस ठाण्याची हद्द हा मुंबईतला खास प्रश्न. लोकलमध्ये किंवा फलाटावर लूट झाली तर तपास लोहमार्ग पोलिसांकडे जातो. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कोणाचीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवावीच लागते आणि फिर्यादीला प्रत विनामूल्य मिळते. ऑनलाइन मिळणारा ‘वस्तू हरवल्याचा’ दाखला किंवा अदखलपात्र नोंद इथे चालत नाही. घाईत हरवल्याचा दाखला घेतला, तर घटना लुटीची नव्हतीच असा अर्थ काढला जाऊ शकतो.

आरोपी सापडला नाही, तर पोलीस न्यायदंडाधिकाऱ्यांकडे समरी अहवाल पाठवतात. मुंबईच्या जुन्या पद्धतीत ‘ए’ समरी म्हणजे गुन्हा खरा, पण तपास लागला नाही. ‘बी’ म्हणजे तक्रार द्वेषाने केलेली खोटी. ‘सी’ म्हणजे खरीही नाही, मुद्दाम खोटीही नाही, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून आलेली. कंपन्या दाव्यासाठी ‘ए’ समरी मागतात, आणि तिला बरेच महिने लागू शकतात. भरपाईनंतर रोकड सापडली, तर दिलेल्या रकमेपुरता तिच्यावर कंपनीचा हक्क येतो. म्हणूनच पैसे देण्यापूर्वी कंपनी मालकाकडून तसे पत्र लिहून घेते. जप्त मुद्देमाल सोडवायचा अर्ज मात्र न्यायालयातच करावा लागतो.