हाताने फिरवायचं जनित्र : व्होल्टेज का पडतं आणि वीज खरी किती मिळते

आमचा जनित्राचा संच घेतलेल्या शाळांमधून सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच असतो. नुसतं हँडल फिरवलं की मीटर सात व्होल्ट दाखवतो, पण पुढे काही जोडलं की तोच आकडा चारवर येतो. मग संचात बिघाड आहे का? बिघाड नाही. या संचातून शिकण्यासारखं सगळ्यात मोलाचं काही असेल तर ते हेच आहे, म्हणून हे पत्रक त्याच एका गोष्टीवर लिहिलं आहे.

आधी संचात काय आहे ते पाहू. जनित्र म्हणून आम्ही १२ व्होल्टची साधी डीसी मोटर वापरली आहे. आत कायमचुंबक आणि तांब्याच्या तारेची गुंडाळी आहे. वीज दिली की ती फिरते, आणि आपण फिरवली की वीज देते. आमच्या मोटरचा आस मिनिटाला १००० फेरे फिरला की साधारण ६ व्होल्ट मिळतात. हाताने मात्र आपण सेकंदाला एक, म्हणजे मिनिटाला ६० फेरे आरामात मारू शकतो. हँडल थेट मोटरला जोडलं तर अर्धा व्होल्टसुद्धा मिळणार नाही, आणि पांढऱ्या एलईडीला पेटायला तीनेक व्होल्ट लागतात. म्हणून मध्ये गिअर आहेत. पहिल्या जोडीत ६० दात्यांचं चाक १२ दात्यांच्या चाकाला फिरवतं, म्हणजे पाचपट वेग. दुसऱ्या जोडीत ४८ दात्यांचं चाक पुन्हा १२ दात्यांच्या चाकाला फिरवतं, म्हणजे चौपट. एकूण वीसपट. हँडलचे ६० फेरे म्हणजे मोटरचे १२००, आणि तेवढ्यावर ७.२ व्होल्ट. वेग वीसपट वाढतो तसा मोटरचा विरोधही हाताला वीसपट होऊन जाणवतो. गिअर वीज वाढवत नाहीत, हाताचा सावकाश जोर ते मोटरला लागणाऱ्या वेगात बदलतात.

आता मूळ प्रश्न. मीटर लावून नुसतं फिरवताना वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून सगळे ७.२ व्होल्ट दिसतात. संचातला १० ओहमचा पांढरा सिमेंट रेझिस्टर जोडला की वीज वाहू लागते. ती मोटरच्या गुंडाळीतूनही जाते, आणि गुंडाळीचा स्वतःचा रोध सुमारे ८ ओहम आहे. म्हणजे वाटेत एकूण १८ ओहम झाले. ७.२ भागिले १८ केलं की ०.४ अँपिअर येतात. बाहेरच्या १० ओहमवर ४ व्होल्ट दिसतात आणि उरलेले ३.२ आतल्या आत खर्च होतात. मीटर खरंच सांगत असतो.

त्याच क्षणी हँडल जड होतं. एका शाळेत एका मुलीने रेझिस्टर जोडल्याबरोबर विचारलं होतं, ‘सर, हाऊ दांडा आते काबर जड लागस?’ गुंडाळीतून वीज वाहू लागली की त्या तारांवर चुंबकाचं बल उलट्या दिशेने लागतं आणि फिरण्याला अडवतं. रसवंतीचा चरक रिकामा असताना भुर्रकन फिरतो आणि ऊस घातला की अंगातला जोर मागतो, तसंच हे. भुसावळजवळ दीपनगरच्या वीजकेंद्रातही हेच नियम चालतात. तिथली जनित्रं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी फिरतात, आणि शेतांवरचे पंप सुरू झाले की तेवढा फेरा टिकवायला वाफेला जास्त जोर द्यावा लागतो.

मोजताना अँपिअर मोजायच्या भानगडीत पडू नका. रेझिस्टर ठाऊक आहे, तर त्याच्या दोन टोकांवरचे व्होल्ट पुरेत. व्होल्टचा वर्ग करा आणि ओहमने भागा, वॅट मिळतात. ४ चा वर्ग १६, भागिले १०, म्हणजे १.६ वॅट. मोबाइलवर सेकंदाला एक ठोका लावून त्या तालावर हँडल फिरवलं की आकडा फारसा नाचत नाही. संचात आणखी दोन रेझिस्टर आहेत. त्याच तालावर ४७ ओहम लावलात तर सुमारे ६.१ व्होल्ट दिसतील, पण वीज फक्त ०.८ वॅट. २.२ ओहम लावलात तर हँडल खूप जड होईल, व्होल्ट दीडच्या आसपास राहतील आणि वीज १.१ वॅट. म्हणजे व्होल्ट जास्त तिथे वीज जास्त असं नाही, आणि हात जास्त दुखला म्हणूनही जास्त मिळत नाही. बाहेरचा रोध गुंडाळीच्या रोधाजवळ असतो तेव्हा बाहेर सगळ्यात जास्त वीज मिळते. दोन टोकं तारेने थेट जोडली तर हँडल सगळ्यात जड होतं आणि बाहेर काहीच मिळत नाही, सगळं गुंडाळी तापवण्यात जातं. हे मुलांना हाताने जाणवू द्या, पण दोन-तीन फेऱ्यांपुरतंच.

दिलेल्या कष्टातले किती परत आले, हे मोजायला संचात १० सेंटिमीटर व्यासाचा रीळ आहे. हँडल काढून तो बसवा, दोरीला पाण्याची बाटली बांधा आणि संच शाळेच्या वरच्या गॅलरीच्या कठड्यावर घट्ट आवळा. खालचा कोपरा मोकळा ठेवा, बाटलीखाली कुणी उभं राहू नये. बाटली सुरुवातीला वेग घेते, म्हणून पहिला अर्धा मीटर सोडून पुढच्या १ मीटरच्या दोन खुणा भिंतीवर करा. १० ओहम जोडून, बाटलीसह १.३ किलो वजन ठेवलं तर ती हा मीटर सुमारे ३.२ सेकंदात उतरते. १.३ गुणिले ९.८ गुणिले १ म्हणजे १२.७ ज्यूल ऊर्जा आत गेली. तेवढ्या वेळात १.६ वॅटने ५.१ ज्यूल वीज बाहेर आली. साधारण ४० टक्के. उरलेल्यातले सुमारे ४.१ ज्यूल गुंडाळीच्या उष्णतेत गेले. बाकीचे गिअर, बेअरिंग आणि ब्रशच्या घर्षणात गेले. विद्यार्थ्यांनी हा हिशेब वहीत मांडला की ऊर्जा अक्षय्यतेचं वाक्य वेगळं पाठ करावं लागत नाही.

तुमचे आकडे यापेक्षा थोडे वेगळे येतील. तांब्याचा रोध तापमानासोबत वाढतो. जानेवारीतल्या सकाळी १५ अंशांवर घेतलेली नोंद आणि एप्रिलच्या दुपारी ४२ अंशांवर घेतलेली नोंद यांत गुंडाळीचा रोध दहाएक टक्क्यांनी वाढलेला असतो. वहीत तापमानही लिहायला सांगा.

फरक मोठा असेल तर मात्र गिअर तपासा. काहीही न जोडता हँडल जड लागत असेल तर दाते एकमेकांत फार घट्ट बसलेत. मोटरचे स्क्रू सैल करा, दात्यांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरा, मोटर सरकवून स्क्रू आवळा आणि हँडल फिरवून पट्टी बाहेर काढा. एवढी फट योग्य असते. जोडल्यावर टकटक आवाज येत असेल तर फट जास्त झाली आहे. हँडल जड न होताच व्होल्ट घसरत असतील, तर मोटरच्या आसावरचं छोटं चाक सरकतंय. त्याचा ग्रब स्क्रू आसाच्या सपाट बाजूवर आणून संचातल्या अॅलन कीने आवळा. एलईडी पेटत नसेल आणि मीटरवर उणे चिन्ह असेल तर हँडल उलटं फिरतंय, एवढंच.

गिअर नायलॉनचे आहेत, त्यांना तेल किंवा ग्रीस लावू नका. आपल्याकडची धूळ त्याला चिकटून दाते झिजतात. कोरड्या ब्रशने झाडा. दुरुस्तीला पाठवताना १० ओहमवरचे व्होल्ट आणि नुसते व्होल्ट, दोन्ही चिठ्ठीवर लिहा. त्या दोन आकड्यांवरून दोष मोटरमध्ये आहे की गिअरमध्ये, याचा अंदाज आम्हाला खोका उघडण्याआधीच येतो.